दप्तरातील दुसरा जोड

बालवर्गात कपडे ओले होतात तेव्हा: घरून काय पाठवावे आणि शाळेने काय करावे

जून महिन्याच्या मध्यावर शाळा उघडतात. साताऱ्याच्या सदाशिव पेठेत किंवा सांगलीच्या गणपती पेठेत दुकाने उघडण्याआधीच घरोघरी लहानग्यांची तयारी सुरू झालेली असते. नवे दप्तर, नवा डबा, नवी पाण्याची बाटली असा सगळा सरंजाम असतो. पहिल्याच आठवड्यात एखाद्या दुपारी मूल घरी येते ते दुसऱ्याच कपड्यांत. दप्तरात पिशवीत बांधलेली ओली चड्डी निघते. आई ओशाळते आणि आजी म्हणते, ‘घरी तर कधी असे होत नाही.’ मग त्या लहानग्याला विचारणा सुरू होते: ‘बाईंना सांगितले का नाहीस? एवढा मोठा झालास ना?’

या प्रश्नातील शेवटचे वाक्य तपासून पाहण्यासारखे आहे. मूल खरोखर किती मोठे झाले आहे? महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने २०२० साली प्रवेशाच्या वयासाठी ३१ डिसेंबर हा मानीव दिनांक ठरवला. त्या दिवशी ज्याची ३ वर्षे पूर्ण होतात, ते मूल त्याच वर्षीच्या जूनमध्ये नर्सरीत बसू शकते. म्हणजे डिसेंबरअखेर जन्मलेले मूल शाळेत पहिले पाऊल टाकते तेव्हा ते जेमतेम अडीच वर्षांचे असते. त्याच्या शेजारी बसलेले जानेवारीत जन्मलेले मूल जवळजवळ साडेतीन वर्षांचे असते. वर्ग एकच, गणवेशही एकच. पण दोघांत जवळपास एका वर्षाचे अंतर. या वयात एक वर्ष म्हणजे आयुष्याचा तिसरा हिस्सा होय.

दिवसा लघवीवर ताबा येण्याचे वय साधारणपणे २ ते ४ वर्षांच्या दरम्यान असते. काही निरोगी मुलांना त्याहून थोडा अधिक काळ लागतो. रात्रीचा ताबा त्याहून उशिरा येतो आणि ५ वर्षांपर्यंत अंथरूण ओले होण्याला वैद्यकशास्त्र आजार मानत नाही. तेव्हा नर्सरीच्या वर्गात कपडे ओले होणे हा मुलाचा हट्ट नव्हे, आईचा निष्काळजीपणा नव्हे आणि शाळेचा दोषही नव्हे. ते त्या वयाचे लक्षण आहे. दोष सुरू होतो तो त्यानंतर मोठी माणसे काय करतात तेथून.

घरी होत नाही, मग शाळेत का?

आजीचे म्हणणे खोटे नसते. घरी मूल दाराशी चुळबूळ करू लागले की तिला ते कळते आणि ती त्याला उचलून मोरीत नेते. म्हणजे लक्ष आजीचे असते, ताबा दोघांचा मिळून असतो. शाळेत हे काम एकट्या मुलावर येते. त्याला आधी स्वतःला जाणीव व्हावी लागते, मग खेळ सोडावा लागतो, अनोळखी बाईंना सांगावे लागते, स्वच्छतागृहापर्यंत चालत जावे लागते आणि गणवेशाची गुंडी सोडावी लागते. या पाच पायऱ्यांपैकी एक जरी चुकली तरी कपडे ओले होतात.

भाषेचीही एक अडचण असते. आपल्या घरांतून कोठे मारवाडी, कोठे गुजराती, कोठे कानडी वळणाची मराठी बोलली जाते. ‘शू’ आणि ‘शी’ यांना प्रत्येक घराचा स्वतःचा शब्द असतो. इंग्रजी माध्यमाच्या वर्गात मुलाने घरचा शब्द उच्चारला आणि नव्या शिक्षिकेला तो कळला नाही, तर मुलाने सांगूनही काही उपयोग होत नाही. प्रवेशाच्या दिवशीच घरात वापरले जाणारे हे दोन शब्द आणि मूल करीत असलेली खूण शिक्षिकेला लिहून द्यावी.

तिसरे कारण जागेचे असते. घरी पाश्चात्त्य पद्धतीचे भांडे व त्यावर ठेवायची लहान बैठक, तर शाळेत उकिडवे बसायचे भांडे. किंवा याच्या उलट. मोठ्या भांड्यात पडण्याची, पाणी सोडल्याच्या आवाजाची किंवा बंद दाराची भीती मूल बोलून दाखवीत नाही. ते फक्त जायचे टाळते. शाळा सुरू होण्यापूर्वी एकदा मुलाला घेऊन जाऊन ते स्वच्छतागृह दाखवावे, तेथे बसवून पाहावे आणि नळ त्याच्याच हाताने उघडू द्यावा. पाच मिनिटांचे हे काम पुढचे अनेक आठवडे वाचवते.

दप्तरात काय असावे

शाळेचा संदेश येतो तेव्हा त्यात बहुधा ‘जास्तीचे कपडे पाठवा’ एवढेच लिहिलेले असते. त्याचा नेमका अर्थ असा घ्यावा.

एक कापडी किंवा पारदर्शक पिशवी वेगळी करावी. तिच्यात तीन चड्ड्या, कमरेला इलॅस्टिक असलेल्या दोन विजारी, एक सदरा किंवा झबले, पायमोज्यांचा एक जोड आणि एक लहान पंचा ठेवावा. चड्ड्या तीन अशासाठी की त्या सर्वांत आधी संपतात; सदरा एक अशासाठी की तो क्वचितच भिजतो. लघवी पायांवरून ओघळून बुटांत जाते, ही गोष्ट बहुतेक घरांना पहिल्या प्रसंगानंतरच कळते. म्हणून रबरी चपलांचा एक जुना जोड शाळेतच ठेवावा. ओले कपडे परत आणण्यासाठी पाणी न झिरपणाऱ्या, धुता येण्याजोग्या दोन पिशव्या द्याव्यात. ही पिशवी डब्याच्या कप्प्यात कधीही ठेवू नये.

प्रत्येक कपड्याच्या आतल्या बाजूला मुलाचे नाव न पुसणाऱ्या शाईने लिहावे किंवा दोऱ्याने विणावे. वीस मुलांच्या वर्गात एकाच दुकानातून घेतलेल्या, एकाच रंगाच्या आठ-दहा चड्ड्या असतात. नाव नसेल तर कोणाची कोणाला, याचा घोळ पहिल्या पंधरवड्यातच होतो.

जोड निवडताना पालकांचा एक मोह टाळावा लागतो. शाळेत जायचे म्हणून पट्टा, खटक्याची बटणे, मागे साखळी असलेला झगा किंवा घट्ट जीन्स घालू नये. मूल वेळेवर स्वच्छतागृहाच्या दारापर्यंत पोहोचते आणि गुंडीशी झटताना दारातच कपडे ओले होतात. जो कपडा मुलाला स्वतःच्या दोन हातांनी खाली ओढता येतो, तोच या वर्षीचा योग्य कपडा. गणवेशात गुंडी सक्तीची असेल, तर पहिल्या सहामाहीपुरती इलॅस्टिकची सवलत शाळेकडे मागावी. मागितल्यावर ती बहुधा मिळते.

पावसाळ्यात हे गणित बदलते. सह्याद्रीच्या जवळ असलेल्या साताऱ्यात जुलै-ऑगस्टमध्ये दिवसच्या दिवस रिपरिप चालते आणि कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. सांगलीत पाऊस त्या मानाने कमी. पण दमट हवेत जाड विजार तेथेही लवकर सुकत नाही. म्हणून या काळात शाळेच्या पिशवीत एक जोड अधिक ठेवावा आणि घरी तेवढाच दुसरा तयार असावा. अर्धवट ओली चड्डी घातल्याने जांघेत पुरळ उठते. ती झोंबू लागली की मूल लघवीला जायलाच नको म्हणते.

आणि शेवटचा नियम: पिशवी दर शुक्रवारी उघडून पाहावी. वापरलेला कपडा परत गेला का, दिलेले माप अजून बसते का, हे तेव्हाच लक्षात येते. जूनमध्ये ठेवलेली विजार दिवाळीनंतर बहुधा आखूड झालेली असते.

डायपर घालून पाठवावे का, हा प्रश्न हमखास विचारला जातो. मूल अजून तयारच नसेल तर शाळेशी स्पष्ट बोलून काही महिने तसे करण्यात लाज नाही. मात्र शाळेत चड्डी आणि घरी, लग्नकार्यात, दुकानावर सोय म्हणून डायपर, ही सरमिसळ मुलाला गोंधळात पाडते. रविवारी दिवसभर डायपर घातलेले मूल सोमवारी सकाळी वर्गात ओले झाले, तर त्यात नवल नाही. जागेपणी एकच पद्धत ठेवावी. रात्रीचा डायपर वेगळा, तो चालू शकतो.

शाळेत नेमके काय घडावे

नर्सरीच्या वर्गात एकट्या शिक्षिकेने हे सांभाळणे शक्य नसते. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या खासगी खेळशाळांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये वीस मुलांमागे एक शिक्षिका आणि एक मदतनीस असावी असे म्हटले आहे. प्रवेश घेताना फी विचारली जाते, बसची वेळ विचारली जाते. ‘मदतनीस किती आहेत आणि कोण आहेत’ हेही तेव्हाच विचारावे.

कपडे ओले झाल्याचे लक्षात येताच शिक्षिकेने मुलाच्या उंचीला वाकून हळू आवाजात ‘चल, कपडे बदलू या’ एवढेच म्हणावे. वर्गासमोर नाव घेऊ नये, नाकाला पदर लावू नये, इतर मुलांना हसू देऊ नये. मदतनीस मावशींनी हातमोजे घालून मुलाला स्वच्छतागृहाकडे न्यावे. जेवढे कपडे ते स्वतः काढू शकते तेवढे त्याला काढू द्यावेत. मुलींना धुताना नेहमी पुढून मागे धुवावे, म्हणजे शौचाचे जंतू मूत्रमार्गाकडे जात नाहीत. शेवटी मुलाचे आणि मावशींचे, दोघांचेही हात साबणाने धुवावेत.

शौच कपड्यात झाले असेल तर घट्ट भाग भांड्यात टाकून कपडा तसाच पिशवीत बांधून घरी पाठवणे, हीच योग्य पद्धत आहे. ‘शाळेने साधी चड्डीसुद्धा धुऊन दिली नाही’ अशी तक्रार काही घरांतून होते. पण जेथे वीस मुले हात धुतात त्या बेसिनमध्ये तो कपडा धुतला, तर जंतू सगळीकडे पसरतात. घरी तो कपडा आधी वेगळा खळबळावा, गरम पाण्यात साबण घालून भिजवावा आणि मिळेल तेव्हा उन्हात वाळवावा. वर्गातली फरशी आधी कागदाने टिपावी आणि मग जंतुनाशक पाण्याने पुसावी. येथे मदतनिसांना एक गोष्ट बजावून सांगावी लागते: ब्लीचिंगचे द्रावण आणि संडास साफ करण्याचे ॲसिड कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

यानंतर नोंद. वेळ, लघवी की शौच, आणि त्या वेळी मूल काय करीत होते, एवढ्या तीन गोष्टी शाळेच्या वहीत लिहाव्यात. पालकांना ते फक्त त्यांच्याच क्रमांकावर किंवा मूल न्यायला आल्यावर बाजूला घेऊन सांगावे. वर्गाच्या व्हॉट्सॲप समूहावर नाव घालून किंवा छायाचित्र टाकून ही गोष्ट कधीही जाऊ नये. आपल्या गावांत पेठ एकच असते. सकाळी समूहावर आलेली गोष्ट संध्याकाळी दुकानाच्या कट्ट्यावर पोहोचते.

मुलाचे कपडे कोण बदलते, हा प्रश्न ऑगस्ट २०२४ नंतर कोणत्याही पालकाने विचारल्यावाचून राहू नये. बदलापूरच्या एका शाळेत बालवर्गातील दोन लहान मुलींवर तेथील सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचे प्रकरण उघडकीस आले आणि त्यानंतर राज्य शासनाने शाळांना सुरक्षेबाबत सूचना दिल्या. पालकांनी त्यातून घ्यायचा धडा साधा आहे. हे काम कोणत्या दोन महिला करतात, त्यांची नावे प्रवेशाच्या वेळीच लेखी घ्यावीत. बदल होताना दुसरी प्रौढ महिला हाकेच्या आणि नजरेच्या अंतरावर असावी. दार आतून बंद नसावे, पण इतर मुलांना दिसणार नाही इतका आडोसा असावा. कॅमेरा स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या वाटेवर असावा, आत कधीच नसावा. मुलालाही घरी सांगावे की आई, आजी आणि शाळेतल्या या दोन मावशी यांच्याशिवाय कोणी कपडे काढू लागले तर मोठ्याने ओरडायचे आणि घरी येऊन सांगायचे. संशयाचे काही आढळले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे हे शाळेचेही कर्तव्य असते. ‘आपसात मिटवू’ याला तेथे जागा नाही.

चार दिवसांची नोंद: एक उदाहरण

हिशोबाची वही व्यापारी घरांना परकी नाही. तीच सवय येथे कशी उपयोगी पडते, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू.

सांगलीच्या पेठेतील एका घरातला डिसेंबरात जन्मलेला मुलगा. जूनमध्ये वय अडीच वर्षे. शाळा ९ ते १२. पहिल्या आठवड्यात तीनदा कपडे ओले झाले. वडिलांना वाटले, मुलगा मुद्दाम करतो. आईला वाटले, बाई लक्ष देत नाहीत. मग आईने घरची आणि शिक्षिकेने शाळेची वेळ चार दिवस लिहून ठेवली. सव्वाआठला पेलाभर, म्हणजे सुमारे २०० मिलिलिटर दूध. पावणेनऊला निघण्याची घाई, त्यामुळे घरून लघवी न करताच प्रस्थान. ओले होण्याच्या वेळा १०.१५, १०.२० आणि १०.१०. डब्याची आणि स्वच्छतागृहाची सुट्टी साडेदहाला.

वही समोर ठेवताच उत्तर दिसते. या वयाच्या मूत्राशयात साधारण १०० ते १२० मिलिलिटर मावते. चहाचा छोटा पेला भरून फार तर थोडे अधिक. सकाळचे दूध त्यात सव्वादहापर्यंत कसे थांबणार? यात मुलाची चूक नव्हती आणि बाईंचीही नव्हती. वेळापत्रक पंधरा-वीस मिनिटांनी चुकत होते. घराने दूध पाऊण तास अलीकडे आणले आणि निघताना मोरीत नेण्याचा नियम केला. शाळेने त्याला पावणेदहाला आणि डब्यानंतर असे दोनदा नेण्यास सुरुवात केली. ‘तुला जायचे आहे का?’ असे न विचारता ‘आता जायची वेळ झाली’ असे सांगून नेले. कारण या वयाचे मूल खेळातून उठायचे नसले की पहिल्या प्रश्नाला नेहमी ‘नाही’ म्हणते. पंधरा दिवसांत कपडे ओले होणे जवळजवळ थांबले.

येथे एक चूक अनेक घरांतून होते: शाळेत नको म्हणून सकाळी पाणीच कमी देतात. त्याने लघवी दाट होते, जळजळ होते आणि शौच कडक होते. पाणी कमी करायचे नाही, वेळ बदलायची.

जी गोष्ट उलटी दिसते

उदाहरण येथे संपत नाही. जुलैच्या अखेरीस त्याच मुलाच्या चड्डीला रोज थोडे थोडे पातळ शौच लागू लागले आणि लघवीचेही अपघात परतले. आजीने जुलाब समजून फळे आणि भाज्या बंद केल्या, नुसता भात आणि ताक सुरू केले. डाग आणखी वाढले.

घडले होते ते वेगळेच. एके दिवशी शाळेत शौच कपड्यात झाले, शेजारचे मूल ‘छी’ म्हणाले आणि सगळे हसले. त्या दिवसापासून मुलगा शौच रोखू लागला. वेग आला की तो पडद्याआड जाऊन पाय एकमेकांत आवळून, टाचा उंच करून उभा राही. घरच्यांना वाटे, तो जोर करतो आहे. प्रत्यक्षात तो थोपवत होता. रोखलेले शौच आत कोरडे आणि मोठे होते, बाहेर पडताना दुखते, त्या भीतीने मूल अधिक रोखते. भरलेले आतडे पुढच्या मूत्राशयावर दाब देते, म्हणून लघवी थांबत नाही. आणि कडक गोळ्याच्या बाजूने वरचे पातळ शौच झिरपते, तेच चड्डीला लागते. जुलाबासारखे दिसणारे हे मूळचे बद्धकोष्ठ असते.

ओळखण्याच्या खुणा अशा: दोन-तीन दिवसांआड एकदम मोठे व कडक शौच, त्या वेळी रडणे, पोट फुगलेले, भूक मंदावलेली आणि मधल्या दिवसांत नकळत लागणारे डाग. असे दिसले तर बालरोगतज्ज्ञांकडे जावे. ते बहुधा शौच मऊ ठेवणारे औषध देतात. ते औषध चार दिवसांत गुण आला म्हणून बंद करण्याचे नसते. ताणलेले आतडे पूर्ववत होण्यास आठवडे, कधी महिने लागतात. मध्येच थांबवले की सगळे पहिल्यापासून सुरू होते. एनिमा किंवा साबणाची कांडी असे घरगुती उपाय डॉक्टरांना न विचारता करू नयेत. त्याने भीती आणखी बसते.

आहाराची बाजू आपल्या घरांपुरती वेगळी पाहावी लागते. शाळेचे पहिले महिने आणि चातुर्मास एकाच वेळी येतात. अनेक घरांत त्या काळात पालेभाज्या बंद असतात, कंदमुळे तर नसतातच. मूल त्या नियमात नसले, तरी ताटात येते ते घरात शिजलेलेच. मग ते दूध आणि बिस्किटांवर भागवते. दूध दिवसाला साधारण दोन पेल्यांवर, म्हणजे ४००–५०० मिलिलिटरवर आणावे. दुधी, दोडका, पडवळ, सालीची मूगडाळ, कोंड्यासह पोळी, पिकलेले केळे, पपई, भिजवलेल्या मनुका यांतून चोथा मिळतो आणि यातील बरेच पदार्थ चातुर्मासातही घरात चालतात. ज्या घरात जो पदार्थ चालतो तो घ्यावा. उकळून गार केलेले पाणी शाळेच्या बाटलीत द्यावे आणि घरी परतल्यावर ती किती रिकामी झाली हे पाहावे. बाटली भरलेलीच परत येत असेल, तर कारण तेथेच सापडते.

जेवणानंतर आतड्यांना आपोआप चालना मिळते. म्हणून सकाळच्या किंवा संध्याकाळच्या जेवणानंतर पाच मिनिटे, पायांखाली पाट ठेवून, बैठकीवर निवांत बसवावे. शौच झालेच पाहिजे असा आग्रह धरू नये. बसले याचेच कौतुक करावे.

मूल घरी कधी ठेवावे, डॉक्टरांकडे कधी न्यावे

जुलाब किंवा उलट्या असतील तर मुलाला शाळेत पाठवू नये. शेवटच्या पातळ शौचानंतर ४८ तास घरी ठेवावे, हा अनेक ठिकाणी पाळला जाणारा नियम इतर मुलांच्या संरक्षणासाठी असतो. दुकानावर माणूस नाही म्हणून औषध देऊन पाठवलेले एक मूल आठवड्यात अर्धा वर्ग आजारी पाडू शकते. घरी ओआरएस चालू ठेवावे.

लघवी करताना रडणे, वारंवार थेंब-थेंब लघवी, सर्दी-खोकल्याशिवाय ताप ही मूत्रमार्गाच्या संसर्गाची लक्षणे असू शकतात. फार तहान, फार लघवी आणि वजन घटणे असे एकत्र दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून रक्तातील साखर तपासून घ्यावी. लहान मुलांच्या मधुमेहात हेच आधी दिसते. एखादी मुलगी दिवसभर कधीच कोरडी राहत नसेल, सतत थेंब झिरपत असतील, तर ती सवयीची बाब नव्हे, तपासणी हवी. आणि सहा महिने पूर्ण कोरडे राहिलेले मूल अचानक पुन्हा ओले होऊ लागले, तर आधी घरात काय बदलले ते पाहावे. धाकटे भावंड आले, घर बदलले, वर्गशिक्षिका बदलल्या, कोणी ओरडले किंवा आणखी काही झाले, याची शांतपणे चौकशी करावी.

संदेश कसा असावा

शाळेने पालकांना पाठवायचा संदेश लांबलचक नको. त्याचा नमुना असा असू शकेल:

‘आपल्या वर्गातील मुले अडीच ते साडेतीन वर्षांची आहेत. कधीतरी कपडे ओले होणारच. त्यासाठी कोणत्याही मुलाला रागावले जाणार नाही. नाव घातलेल्या पिशवीत तीन चड्ड्या, दोन विजारी, एक सदरा, पायमोजे, पंचा, रबरी चपला आणि न झिरपणाऱ्या दोन पिशव्या पाठवाव्यात. विजार इलॅस्टिकची असावी. घरातील शी-शूचे शब्द कळवावेत. मुलांना पावणेदहाला आणि डब्यानंतर नेले जाईल. कपडे बदलण्याचे काम पुढील दोन महिलाच करतील. काही घडल्यास फक्त आपल्यालाच कळवले जाईल. वापरलेला जोड दुसऱ्या दिवशी धुऊन परत पाठवावा. जुलाब असल्यास मुलाला घरी ठेवावे.’

याखाली दोघींची नावे आणि पालकांच्या स्वाक्षरीची जागा असावी. अशा कागदाने शाळा आणि घर दोघेही बांधले जातात.

राहता राहिली ती दुपार, जेव्हा दप्तरातून ओली पिशवी निघते. तेव्हा मुलाने ऐकायचे वाक्य एकच असावे: ‘झाले तर झाले, कपडे होते ना!’ पिशवी त्याच्याच हाताने मोरीत ठेवू द्यावी आणि उद्याचा जोड त्याच्याच हाताने दप्तरात भरू द्यावा. शाळेत परत तसे झाले, तर आपल्या दप्तरात दुसरा जोड आहे हे त्याला ठाऊक असेल. ज्याला ते ठाऊक असते ते मूल लाजून गप्प बसत नाही; बाईंचा पदर ओढून सांगते.